सप्ताहाचा आवाज आणि शेजाऱ्यांना पत्र

ध्वनिक्षेपकाबद्दल तक्रार आली की बहुतेक देवस्थाने ‘कृपया सहकार्य करावे’ एवढ्याच आशयाची सूचना फलकावर लावतात. त्याने तक्रार मिटत नाही, कारण त्या सूचनेत शेजाऱ्याला पडताळून पाहता येईल असे काहीच नसते. आवाज किती वाजता बंद होईल, भोंग्याचे तोंड कुठे असेल, जास्त झाला तर कोणाला सांगायचे, एवढे ज्या पत्रात स्पष्ट लिहिलेले असते तेच पत्र उपयोगी पडते. अखंड हरिनाम सप्ताहाचे उदाहरण घेतले तर हे नीट समजते, कारण तक्रारीची सगळी कारणे त्या सात दिवसांत एकत्र येतात.

सप्ताहाचा दिवस पहाटे चारच्या सुमारास काकड्याने सुरू होतो. सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर पहाटेपर्यंत जागर असा क्रम असतो. वीणा तर सातही दिवस खाली ठेवली जात नाही. पहाऱ्याचे वारकरी ती पाळीपाळीने गळ्यात घेतात. यातील काकडा आणि जागर हे दोन कार्यक्रम नेमके लोकांच्या झोपेच्या वेळी येतात, आणि बहुतेक तक्रारी त्यांच्याच असतात.

कायदाही याच वेळेवर बोट ठेवतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. पहाटेसाठी अशी सवलत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ध्वनिक्षेपक लावलेल्या जागेच्या हद्दीवर यापेक्षा 10 डेसिबलपर्यंत वाढ चालते, म्हणजे देवळाच्या कुंपणापाशी दिवसा 65 डेसिबल. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरच्या आतील भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तिथे मर्यादा आणखी कमी असते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी असेही सांगितले.

ही मर्यादा पाळणे अवघड जाते ते भोंग्यामुळे. भोंगा आवाज एका दिशेने एकवटून दूर फेकतो; गावभर दवंडी पोहोचवायला तो चांगला, मंडपात बसलेल्या श्रोत्यांसाठी नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. शिखराजवळच्या भोंग्यापासून एक मीटरवर 100 डेसिबल आवाज असेल, तर त्याच्या तोंडासमोर 10 मीटरवर तो सुमारे 80 आणि 40 मीटरवर सुमारे 68 भरतो. म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतही तो दिवसाच्या मर्यादेच्या बराच वर राहतो. त्याऐवजी मंडपात श्रोत्यांजवळ चार छोटे उभे स्पीकर लावले आणि प्रत्येकाचा आवाज एक मीटरवर 75 डेसिबल ठेवला, तर समोर बसलेल्याला शब्द न् शब्द कळतो आणि कुंपणापाशी आवाज मर्यादेत राहू शकतो. कीर्तन ऐकायला आलेल्याचे यात काहीच कमी होत नाही.

हे सगळे ठरवल्यानंतरच पत्र लिहावे. समजा, निमशहरी गावातल्या एका विठ्ठल मंदिराभोवती आता इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि गेल्या वर्षीच्या सप्ताहात तीन घरांनी तक्रार केली होती. तिथल्या विश्वस्तांचे पत्र असे असू शकते :

‘॥ श्री ॥ सर्व शेजारी बंधू-भगिनींस सप्रेम नमस्कार, वि. वि. गेल्या वर्षीच्या सप्ताहात पहाटेच्या भोंग्यामुळे आजारी माणसांची, लहान मुलांची आणि परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांची झोपमोड झाली, अशी तक्रार आपल्यापैकी काहींनी केली. ती रास्त आहे. यंदा पुढील बदल केले आहेत. काकडा नेहमीप्रमाणे पहाटे होईल, पण सकाळी 6 पर्यंत ध्वनिक्षेपक बंद राहील. कीर्तन रात्री 7.30 ला सुरू होऊन 9.30 ला संपेल. जागर टाळ-मृदंगावर, सभामंडपाची दारे लावून होईल. शिखरावरचे दोन्ही भोंगे उतरवले आहेत. स्पीकर मंडपातच, आतल्या बाजूला तोंड करून असतील. पोलीस ठाण्याच्या परवानगीची प्रत फलकावर लावली आहे. आवाज जास्त वाटल्यास खालील दोन विश्वस्तांपैकी कोणालाही केव्हाही फोन करावा. घरात कोणी आजारी असल्यास आधी कळवल्यास त्या बाजूचा स्पीकर बंद ठेवू. आपल्याला पोलिसांकडे जायचे असेल, तर तो आपला हक्क आहे आणि त्याचा आम्हाला राग नाही. काल्याच्या कीर्तनाला व महाप्रसादाला सर्वांनी अवश्य यावे. आपले विनीत, विश्वस्त मंडळ.’

या पत्रात परंपरेचे समर्थन नाही आणि दिलगिरीचा पाल्हाळही नाही. आधी तक्रार मान्य केली आहे, मग काय बदलले ते सांगितले आहे. काकडा आणि जागर कायम ठेवून फक्त त्यांचा ध्वनिक्षेपक काढला आहे, त्यामुळे जुन्या वारकऱ्यांनाही नेम मोडल्यासारखे वाटत नाही. महाप्रसादाचे आमंत्रण शेवटी येते. ते आधी आले असते तर प्रसादाच्या बदल्यात गप्प बसा, असा त्याचा अर्थ निघाला असता. तक्रार करणाऱ्या घरांचा उल्लेखही जाणूनबुजून टाळला आहे, कारण गावात नाव फुटले की पुढची तक्रार थेट पोलिसांतच जाते.

पत्रातला शब्द बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतो. कीर्तनाच्या शेवटी गजर रंगला की साउंडवाला आवाज वाढवतो, किंवा बाहेरून आलेल्या मंडळींसोबत त्यांची स्वतःची ध्वनियंत्रणा येते. म्हणून कीर्तनकारांना निमंत्रण देतानाच वेळ आणि यंत्रणेची अट कळवावी लागते. पहिल्या दिवशी आवाज बसवून झाला की अॅम्प्लिफायरच्या बटणाजवळ खूण करावी आणि त्यापुढे ते फिरवू नये. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप अंदाजापुरते चालते. दोन फोन वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. त्यामुळे एका विश्वस्ताने रोज कीर्तनाच्या वेळी कुंपणाबाहेर आणि तक्रार आलेल्या घरांच्या बाजूला उभे राहून ऐकावे. कीर्तनातले वाक्य तिथे स्पष्ट कळत असेल, तर बंद खिडकीच्या आतही आवाज जात असण्याची शक्यता मोठी. मृदंगाचा जाड आवाज भिंतींतून जास्त सहज पार होतो, म्हणून मिक्सरवर तो वेगळा कमी करावा लागतो.

पत्राचा कस सप्ताह संपल्यावर लागतो. काल्यानंतर आठवडाभरात विश्वस्तांनी त्याच घरांशी बोलून कोणता शब्द पाळला गेला आणि कोणता नाही ते लिहून ठेवले, तर पुढच्या वर्षीचे पत्र त्या नोंदीवरून तयार होते. पाळता न आलेली गोष्ट पुढच्या पत्रात पुन्हा लिहू नये; आधी ती का पाळता आली नाही ते शोधून व्यवस्था बदलावी आणि मगच तसा शब्द द्यावा.