खातं परत मिळवायचंय? मग घरच्याच कॉम्प्युटरवर बसा

पासवर्ड आठवत नाही, कोड येतो तो नंबर बंद पडलेला. अशा वेळी कोणत्या उपकरणावरून आणि कुठून प्रयत्न करता, यावर बरंच काही ठरतं. का, ते समजून घेतलं तर हातचं खातं जाणं टळू शकतं.

नाशिकला राहणारे एक निवृत्त शिक्षक आणि न्यू जर्सीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा, असं उदाहरण घेऊ. मराठी घरांत हे चित्र आता नेहमीचं आहे. वडिलांचा फोन पडला, स्क्रीन गेली, म्हणून नवा फोन घेतला. नव्या फोनने जीमेलचा पासवर्ड मागितला आणि तो काही आठवेना. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दोन वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा. पर्यायी ईमेल म्हणून मुलाचा कॉलेजच्या काळातला पत्ता दिला होता, तोही आता चालू नाही. पेन्शनची पत्रं, विम्याच्या पावत्या, नातवंडांचे फोटो, सगळं त्या एका खात्यात.

मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही काळजी करू नका, मी इथून करतो.’ रात्री जेवण झाल्यावर तो ऑफिसचा लॅपटॉप उघडतो. त्यावर कंपनीचं व्हीपीएन चालू असतं. वडिलांना फोनवर विचारत तो एकामागून एक पासवर्ड टाकून पाहतो. काही वेळाने पडद्यावर उत्तर येतं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटवता आली नाही. तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच. मग ‘थोड्या वेळाने पाहा’ असं सांगून पुढचा रस्ताच बंद होतो.

मुलाचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण पलीकडच्या यंत्रणेला हेतू दिसत नाही. तिला दिसलं ते इतकंच: वर्षानुवर्षं नाशिकमधून उघडलं जाणारं खातं आज अचानक अमेरिकेतून, कधीही न पाहिलेल्या उपकरणावरून, पासवर्ड चुकवत चुकवत कुणीतरी उघडू पाहतंय. खातं चोरणारा माणूस नेमका असाच दिसतो.

माहिती पुरत नाही, म्हणून खुणा

पासवर्ड विसरलेल्या माणसाला ओळखायचं कसं, हा गूगलसारख्या कंपन्यांपुढचा अवघड प्रश्न आहे. पूर्वी त्यावर गुप्त प्रश्नांचा उपाय होता: आईचं माहेरचं आडनाव काय, आवडता पदार्थ कोणता. २०१५ साली गूगलच्याच संशोधकांनी या प्रश्नांची तपासणी प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या वापरकर्त्यांपैकी ४० टक्के लोकांना स्वतःचीच उत्तरं गरजेच्या वेळी आठवली नव्हती. उलट आवडत्या पदार्थाचं उत्तर पहिल्याच अंदाजात बरोबर येण्याची शक्यता १९.७ टक्के होती. मालकाला आठवत नाही आणि चोराला जमतं, असं कुलूप काय कामाचं?

मग फोनवर येणारा कोड आणि पर्यायी ईमेल यांच्यावर भर आला. हे उपाय कितीतरी बळकट आहेत, पण त्यांनाही भोक आहे. २०१९ मध्ये गूगलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार एका प्रयोगात ३८ टक्के लोकांकडे गरजेच्या क्षणी फोनच हाताशी नव्हता आणि ३४ टक्के लोकांना आपला पर्यायी ईमेल आठवला नाही. आपल्याकडे त्यात बंद सिमची भर पडते. बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे नाशिकच्या गुरुजींचा कोड आज तिसऱ्याच माणसाच्या फोनवर पोचू शकतो.

म्हणून यंत्रणा आणखी एक गोष्ट पाहते: हा प्रयत्न कुठून आणि कशावरून होतोय. जन्मतारीख फेसबुकवरून कळते, जुना पासवर्ड एखाद्या फुटलेल्या यादीत सापडतो. पण गुरुजींच्या बैठकीतल्या कॉम्प्युटरसमोर, त्यांच्याच वायफायवर बसणं परक्या चोराला जवळपास अशक्य असतं. खऱ्या मालकाला मात्र त्यासाठी काहीच करावं लागत नाही. मालकाला फुकट आणि चोराला महाग पडणारा पुरावा, म्हणून त्याला किंमत. गूगल आपल्या सूचनांत हेच सांगतं: नेहमीचा फोन किंवा कॉम्प्युटर वापरा, नेहमीचाच ब्राउझर वापरा, घर किंवा कार्यालय अशा नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा. मायक्रोसॉफ्टचाही आपल्या रिकव्हरी फॉर्मसाठी हाच सल्ला आहे.

यंत्रणेला नेमकं काय दिसतं?

पहिली खूण ब्राउझरमधली. एखाद्या ब्राउझरमधून तुम्ही खातं उघडता तेव्हा त्यात कुकी नावाच्या बारीक नोंदी ठेवल्या जातात. खातं बंद करून बाहेर पडलात तरी त्यांतल्या काही मागे राहतात, आणि पुढच्या वेळी ‘हे खातं या ब्राउझरमधून आधी उघडलं गेलं आहे’ हे त्यांवरून कळू शकतं. या नोंदी कॉम्प्युटरच्या नव्हे, ब्राउझरच्या असतात. त्यामुळे कॉम्प्युटर तोच असला तरी क्रोमऐवजी फायरफॉक्स उघडलात तर ही खूण गेली. क्रोममध्ये घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल असेल, तर सुनेच्या प्रोफाइलमध्ये सासऱ्यांच्या नोंदी नसतात. इन्कॉग्निटो खिडकी तर दर वेळी कोरीच उघडते. ‘नीट चालत नाहीये, जरा साफ करू’ म्हणून ब्राउझरचा इतिहास आणि कुकी पुसणं म्हणजे आपल्याच हाताने पुरावा नष्ट करणं.

दुसरी खूण इंटरनेटच्या जोडणीची. घरच्या राउटरला कंपनीकडून एक आयपी पत्ता मिळतो. राउटर बंद-चालू केल्यावर तो बदलूही शकतो, पण सहसा त्याच कंपनीच्या, त्याच भागातल्या पत्त्यांपैकी असतो. मोबाइल डेटाचं तसं नाही. तिथे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर पडू शकतात, आणि माणूस नाशिकमध्ये असताना पत्ता मुंबईचा दिसू शकतो. म्हणून ज्या घरात वायफायवर खातं वापरलं जात होतं, तिथे प्रयत्नही वायफायवरूनच करावा. व्हीपीएन तर बंदच हवं, कारण आपली खरी जोडणी लपवणं हेच त्याचं काम.

तिसरी खूण जागेची. तीही बहुतेक वेळा आयपी पत्त्यावरूनच अंदाजाने काढली जाते, त्यासाठी जीपीएस लागत नाही. अंदाज गल्लीपर्यंत अचूक नसतो, पण नाशिक आणि न्यू जर्सी यांतला फरक कळायला तेवढा पुरतो. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं, हे कंपन्या उघड करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तो तक्ता जाहीर झाला तर सर्वांत आधी चोर वाचतील.

तोच प्रयत्न, आता नाशिकहून

गुरुजींचं काम पुन्हा सुरुवातीपासून करू. पहिली गोष्ट, न्यू जर्सीतले प्रयत्न थांबवायचे आणि मधे थोडा अवधी जाऊ द्यायचा. दुसरी, फुटलेला जुना फोन दुरुस्तीला द्यायचा. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. त्या फोनमध्ये खातं अजून उघडंच आहे. स्क्रीन बदलून तो सुरू झाला, तर बहुधा फोनच्याच लॉकने ओळख पटवून नवा पासवर्ड ठेवता येतो. दुकानदाराला मात्र बजावून सांगायचं की फोन रीसेट करायचा नाही. रीसेट केला की तो कोरा झाला.

फोन दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर बैठकीतला कॉम्प्युटर. गुरुजी त्यावर क्रोममध्ये पेन्शनचे मेल वाचत असत. आधी तिथे जीमेल उघडून पाहायचं, कदाचित खातं उघडंच असेल. नसेल तर त्याच क्रोममध्ये, त्याच प्रोफाइलमध्ये, घरच्या वायफायवर g.co/recover टाइप करायचं. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला जाईल. आत्ताचा आठवत नसेल तर आधीचा द्यायचा, पण कॅपिटल-स्मॉल अक्षरांसह नेमका. बंद नंबरवर कोड पाठवायचं विचारलं तर Try another way निवडायचं. पुढचा संपर्क कुठे करू, असं विचारलं तर जो ईमेल हमखास उघडता येतो तोच द्यायचा, आणि नंतर त्याचा स्पॅम कप्पाही पाहायचा. उत्तर काही तासांनी किंवा काही दिवसांनीही येऊ शकतं. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, कारण खरा मालक दुसराच कोणी असेल तर त्याला सावध व्हायला वेळ मिळतो. त्या काळात रोज नव्याने धडका मारायच्या नाहीत.

मुलाने या वेळी फक्त फोनवर सोबत करावी: ‘बाबा, घाई नको. कोड मला सांगू नका, तुम्हीच टाका.’ +९१ ने सुरू होणाऱ्या नंबरवरचा कोड अमेरिकेतल्या अनोळखी लॅपटॉपवर टाइप होणं, हा ओटीपी चोरीचाच नमुना आहे. पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. गूगल अशा कोणत्याही सेवेबरोबर काम करत नाही.

याची मर्यादा

घरी बसलं की खातं मिळालंच, असं नाही. त्याच घरात, त्याच वायफायवर आणखी चार माणसं असतात. त्यांतला कुणी रागाच्या भरात दुसऱ्याचं खातं उघडू पाहू शकतो, म्हणून नुसत्या जागेच्या जोरावर दार उघडणं धोक्याचंच ठरेल. ओळखीचं उपकरण आणि जागा यांमुळे बाकीच्या पुराव्याचं वजन वाढतं. जुना पासवर्ड, चालू ईमेल, चालू नंबर यांतलं काहीच नसेल, तर घरच्या कॉम्प्युटरवरूनही नकार येऊ शकतो. प्रवासात खातं अडकलं आणि निकड नसेल, तर घरी परतेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. घरच बदललं असेल, तर जुना लॅपटॉप आणि त्यातला ब्राउझर जपा, निदान ती खूण तरी सोबत येते.

म्हणून तयारी खातं हातात असतानाच करायची. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर आज गूगल खात्याचं सेटिंग उघडा आणि जोडलेला नंबर चालू आहे का ते पाहा. सिम बंद करायचं असेल तर आधी खात्यातला नंबर बदला, मग सिम. नवा फोन घेतलात तर त्यावर खातं सुरू झाल्याशिवाय जुना विकू नका, पुसू नका. आणि घरच्या एखाद्या कॉम्प्युटरवर ते खातं अधूनमधून उघडत जा, म्हणजे फोन हरवला तरी ओळखीचं एक उपकरण घरात शिल्लक राहील.