नुसतं शीर्षक आलं, तर?

निबंध शिकवणाऱ्या शिक्षकाच्या व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून एकच ओळ येते: ‘वने ही आर्थिक उत्कृष्टतेची सर्वोत्तम उदाहरणे आहेत.’ नाव नाही, नमस्कार नाही, प्रश्नचिन्हही नाही. विद्यार्थ्याला निबंध लिहून हवा आहे, की या वाक्याचा अर्थ समजून घ्यायचा आहे?

हा विषय खरोखरच परीक्षेत आलेला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2022 च्या मुख्य परीक्षेत तो होता. तिथे निबंधाचा पेपर 250 गुणांचा असतो. तीन तासांत दोन निबंध लिहायचे, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्दांचे. उत्तर मराठीतून लिहिता येतं, पण प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापलेली असते. त्यामुळे मराठी माध्यमाचा विद्यार्थी अनेकदा विषयाच्या वाक्यापाशीच अडतो, आणि तेवढंच वाक्य उचलून शिक्षकाला पाठवतो.

मग ओळखायचं कसं? पहिली खूण शीर्षकातच असते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयात समजावून सांगण्यासारखं फारसं काही नाही. तो पाठवणाऱ्या शाळकरी मुलाला बहुधा लिहिलेला निबंधच हवा असतो. ‘मी नदी बोलतेय’ असं आलं, तर अडचण आत्मकथनाच्या मांडणीची असू शकते. वनांचा विषय मात्र एक विधान आहे. विधान पटवून द्यावं लागतं, तपासावं लागतं आणि त्याआधी ते नेमकं काय म्हणतंय हे ठरवावं लागतं. असं शीर्षक एकटं आलं, की समजावण्यापासून सुरुवात करणं योग्य.

वनांच्या या वाक्याचे किमान दोन अर्थ निघतात. पहिल्या अर्थाने जंगल हा आदर्श आहे. गळलेलं पान कुजून मातीत मिसळतं आणि पुन्हा झाडाच्या कामी येतं. कचरा असा काही उरतच नाही. उंच झाडं, झुडपं, गवत यांनी ऊन आपसांत वाटून घेतलेलं असतं. माणसाची अर्थव्यवस्था अशी चालू शकेल का, हा मग निबंधाचा प्रश्न होतो. दुसऱ्या अर्थाने जंगल स्वतःच अर्थव्यवस्था आहे. इथे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण चपखल बसतं. वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगल राखायचं आणि त्यातून गावाचं उत्पन्नही उभं करायचं, हे तिथे प्रत्यक्षात घडलं.

यातला कोणता अर्थ घ्यायचा, की दोन्ही जोडायचे, हे विद्यार्थ्याने ठरवायला हवं. शिक्षकाने बाराशे शब्दांचा तयार निबंध पाठवला, तर हा निर्णय परस्पर होऊन जातो. विद्यार्थी मजकूर पाठ करतो, आणि पुढच्या वेळी जंगलाऐवजी नदी किंवा बाजार आला की पुन्हा तिथेच अडतो. उलट, अर्थ सांगितला आणि त्याला हवा होता निबंधच, तर नुकसान थोडं असतं. ‘सर, लिहून हवा होता,’ असा निरोप लगेच येतो. दोन चुकांपैकी ही चूक स्वस्त आहे, आणि सुरुवात कुठून करायची हे त्यावरूनच ठरवावं.

‘तुम्हाला नेमकं काय हवंय?’ एवढंच विचारून थांबणं सरळ वाटतं, पण त्याने काम क्वचितच पुढे सरकतं. अडलेल्या माणसाला आपली अडचण कोणती हेच पुष्कळदा सांगता येत नाही, आणि ‘काहीही चालेल सर’ हे उत्तर हमखास येतं. त्यापेक्षा पहिल्या उत्तरातच थोडं काही हातात द्यावं: वाक्याचे दोन अर्थ चार-पाच ओळींत, प्रत्येकासाठी एक उदाहरण, आणि सुरुवातीचा एक परिच्छेद प्रत्यक्ष लिहून. निबंध हवा असलेल्याला त्यात भाषेचा नमुना मिळतो, अर्थ हवा असलेल्याला वाट दिसते. शेवटी एकच प्रश्न ठेवावा, तोही उत्तर देता येईल असा: ‘यातला कोणता अर्थ तुम्हाला पटतो?’

या प्रश्नाच्या उत्तरातून बाकीचं कळतं. ‘दुसरा पटतो, पण जंगलतोडीचं काय?’ असं कुणी विचारलं, तर त्याचा निबंध सुरू झालेला असतो. मग त्याला खाणी, धरणं, विस्थापन हे विरोधी मुद्दे कुठे घालायचे ते सांगावं आणि पहिला मसुदा त्याच्याकडूनच मागवावा. ‘पूर्ण पाठवा ना सर’ असं आलं, तर आधी इयत्ता, परीक्षा आणि शब्दमर्यादा विचारावी; दहावीचा निबंध आणि आयोगाचा निबंध यांना एकच मजकूर चालत नाही.