चित्रांच्या पत्रकाला शब्द देताना

पुस्तकांच्या कपाटाचा खोका उघडला की सहा-सात फळ्या, खिळे-बोल्टांची प्लास्टिकची पिशवी आणि एक पातळ पत्रक निघतं. पत्रकावर वाक्य असं एकही नसतं. एकट्या माणसावर काट मारलेली असते आणि शेजारी दोन माणसं हसत उभी असतात. पुढे बाण आहेत, भिंगातून दिसावं तसं वर्तुळात मोठं करून दाखवलेलं भोक आहे, ‘× १२’ असा आकडा आहे आणि कुठे कुठे ‘जोडा’, ‘फिरवा’, ‘क्लिक!’ एवढ्याच अर्थाचे तुटक इंग्रजी शब्द आहेत.

असं पत्रक छापण्यामागे सरळ हिशोब आहे. १९५६ च्या सुमारास स्वीडनच्या ‘आयकिया’ कंपनीत गिलिस लुंडग्रेन यांनी गाडीत मावावं म्हणून एका टेबलाचे पाय काढले, आणि सुटं फर्निचर सपाट खोक्यातून विकण्याची पद्धत तिथे रुळत गेली. पुढे तोच खोका देशोदेशी जाऊ लागला, आणि चित्रांचं एकच पत्रक सगळीकडे चालतं. २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत या कंपनीची दुकानं उघडली. आता ऑनलाइन मागवलेल्या साध्या टीव्ही स्टँडच्या खोक्यातही याच धर्तीचं पत्रक निघतं.

पण चित्र प्रत्येकाच्या उपयोगाचं नसतं. दृष्टिहीन माणसाला ते वाचताच येत नाही. फोनवरून गावाकडच्या वडिलांना जोडणी समजावून सांगणाऱ्या मुलीला ‘तो बाण बघा’ म्हणून भागत नाही. अशा वेळी कोणीतरी त्या चित्रांची ओळीने पायऱ्यांत मांडणी करून द्यावी लागते, आणि प्रत्येक सुट्या भागाला नाव द्यावं लागतं. चित्राखालच्या दोन शब्दांचं मराठी केलं की झालं, असं वाटतं खरं, पण या कामात शब्दांचं भाषांतर सगळ्यात थोडं असतं.

एक नमुना घेऊ. १८० सेंटिमीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद असं उघडं कपाट. दोन उभ्या बाजू, वरची, मधली आणि खालची अशा तीन पक्क्या आडव्या फळ्या, दोन सुट्या फळ्या, तळाशी पुढच्या अंगाला स्कर्टिंगची पट्टी आणि मागे तीन मिलिमीटरचा पातळ बोर्ड. पत्रकात यांना ए, बी, सी अशी अक्षरं आहेत. अक्षरं पायऱ्यांत ठेवावीत, कारण फळ्यांवर त्यांचीच चिकटपट्टी असते. पण नाव मात्र जोडून झालेल्या कपाटातल्या जागेवरून द्यावं: ‘वरची फळी’, ‘मधली फळी’, ‘स्कर्टिंग पट्टी’. एकदा दिलेलं नाव शेवटपर्यंत बदलू नये. तीच वस्तू एका पायरीत ‘पॅनल’, दुसरीत ‘फळी’ आणि तिसरीत ‘साइड’ झाली, तर वाचणारा पिशवीत नसलेली वस्तू शोधत बसतो.

लहान वस्तूंची नावं मिस्त्रींकडून घ्यावीत. फळीच्या तोंडात जाणारी लाकडी खुंटी म्हणजे डॉवेल. बाजूच्या फळीत आवळायचा धातूचा दांडा म्हणजे कॅम बोल्ट आणि त्याला आतून पकडणारी गोल चकती म्हणजे कॅम लॉक. ही जोडी पाहिली की मुंबई-पुण्यातले मिस्त्री ‘मिनिफिक्स’ म्हणतात. ते एका जर्मन कंपनीच्या उत्पादनाचं नाव, पण बोलण्यात सगळ्याच कॅम लॉकना लागू झालं आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘कॅम लॉक, म्हणजे मिनिफिक्सची चकती’ असं एकदा लिहून पुढे ‘कॅम लॉक’ हेच चालवावं.

नावं ठरली की मोजणी. ही कंटाळवाणी वाटते, पण पत्रकातली सगळ्यात मोठी गाळलेली जागा इथेच सापडते. आपल्या नमुन्यात तीन पक्क्या फळ्या आहेत, म्हणजे सहा तोंडं. प्रत्येक तोंडाला दोन कॅम, म्हणून बारा बोल्ट आणि बारा चकत्या. पत्रकातही बारा-बारा, हिशोब जुळला. डॉवेल मात्र यादीत सोळा आहेत, आणि डॉवेलच्या चित्रावर ‘× १२’ लिहिलंय. उरलेले चार कुठे जातात? पुढची चित्रं भिंग घेऊन पाहिली की सहाव्या चित्रात स्कर्टिंग पट्टीच्या टोकांशी केसाएवढ्या दोन-दोन रेघा दिसतात. ते हे चार डॉवेल. चित्रकाराने आकडा लिहिलेला नाही आणि बाणही काढलेला नाही.

आता हेच सहावं चित्र पुन्हा पाहू. त्यात तिन्ही फळ्या डाव्या बाजूवर उभ्या आहेत, स्कर्टिंग पट्टी जागेवर आहे आणि उजवी बाजू वरून खाली येताना दाखवली आहे. सगळं एकाच चौकटीत. चित्रात सगळं एकाच वेळी दिसतं, आधी काय आणि मग काय हे कळत नाही. पट्टी फक्त डॉवेलवर उभी आहे, तिला बोल्ट नाही. उजवी बाजू बसवून कॅम आवळले की दोन बाजूंमधलं अंतर पक्कं होतं, आणि मग दोन्ही टोकांना डॉवेल बाहेर आलेली पट्टी आत शिरत नाही. पट्टी राहून गेली तर उजवीकडचे सहाही कॅम सोडवून बाजू पुन्हा उचलावी लागते. म्हणून त्या एका चित्राच्या तीन पायऱ्या कराव्या लागतात: आधी पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन डॉवेल, मग पट्टी डाव्या बाजूत उभी करणं, आणि त्यानंतर दुसऱ्या माणसाच्या मदतीने उजवी बाजू वरून उतरवणं. ‘पट्टी बसवल्याशिवाय उजवी बाजू घेऊ नये’ हे वाक्य मूळ पत्रकात कुठेच नाही. ते लिहिणाऱ्याने स्वतः जोडणी केली असेल, निदान मनातल्या मनात तरी, तरच त्याला सुचतं.

दुसरी अडचण दिशेची. फळ्या पार्टिकल बोर्डच्या असतात. त्यांच्या पुढच्या कडेवर एज बँडिंगची गुळगुळीत पट्टी असते, मागची कड खरखरीत, भुश्याची असते. पत्रकात हा फरक एका जाड रेघेने दाखवतात आणि ती सहज नजरेतून सुटते. मधली फळी उलटी लागली, तर ते कपाट उभं केल्यावर, पुस्तकांसमोर भुश्याची कड आली की कळतं. मराठीत मात्र हे बोटांना कळेल असं लिहिता येतं. डाव्या बाजूची पायरी अशी: ‘फळी जाजमावर अशी ठेवा, की भोकांचं अंग वर येईल, गुळगुळीत कड तुमच्याकडे असेल आणि स्कर्टिंगची दोन भोकं उजव्या हाताला येतील.’ उजव्या बाजूला तीच भोकं डाव्या हाताला येतात. ‘डावी’ आणि ‘उजवी’ म्हणजे उभ्या कपाटाकडे तोंड करून पाहताना, हे सुरुवातीलाच एकदा सांगून टाकावं. फळी आडवी पडली की डाव्या-उजव्याचा अर्थ डगमगतो.

कॅम लॉकची पायरी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिथेच सगळ्यात जास्त मोडतोड होते. चित्रात चकती, वळणारा बाण आणि खाली ‘लॉक’ एवढंच. प्रत्यक्षात चकती आडव्या फळीच्या खालच्या अंगातल्या सुमारे १५ मिलिमीटर रुंदीच्या भोकात बसते. तिच्यावरचा छोटा बाण फळीच्या त्या टोकाकडे वळलेला असावा लागतो, जिकडून बोल्टचं डोकं आत येणार आहे. डोकं चकतीच्या पोकळीत शिरलं की पेचकसाने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने साधारण अर्धा फेरा द्यायचा. चकतीची आतली कड एका बाजूला जाड होत जाते, ती डोकं स्वतःकडे ओढते आणि दोन फळ्यांमधली फट मिटते. फट मिटणं हीच काम झाल्याची खूण. चकती नुसतीच गरगर फिरत असेल, तर बोल्टचं डोकं पकडीत आलेलं नाही. बहुतेकदा बोल्ट बाजूच्या फळीत पुरता आवळलेला नसतो, किंवा चकतीचा बाण भलतीकडे असतो. आणि फट मिटल्यावरही जोर लावला, तर मऊ मिश्रधातूची चकती तडकते किंवा बोर्डाचं भोक फुटतं. ‘लॉक’ या एका शब्दाच्या जागी हे सगळं यायला हवं, म्हणजे कुठे, कोणत्या दिशेने, किती आणि थांबायचं कधी.

मराठीच्या वाक्यरचनेची इथे मदत होते. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘वरच्या फळीच्या खालच्या अंगातल्या भोकात कॅम लॉक ठेवा’ असं लिहिलं की हाताने जो क्रम धरायचा तोच वाक्यात येतो: आधी फळी, मग भोक, मग वस्तू, मग क्रिया. धोका आहे तो ‘बसवा’ या शब्दात. डॉवेल बसवा, बोल्ट बसवा, चकती बसवा, फळी बसवा, सगळीकडे तो चालतो आणि कुठेच नेमकं सांगत नाही. डॉवेल ठोकायचा असतो, बोल्ट आवळायचा, चकती ठेवायची, आणि सुटी फळी शेल्फ पिनांवर टेकवायची. क्रियापदं वेगळी ठेवली की वाचणाऱ्याला हातात हातोडी घ्यायची की पेचकस, हे न विचारता कळतं.

पाठीच्या बोर्डाच्या चित्रात दोन तिरक्या रेषा असतात आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. त्याचा अर्थ असा, की कपाट पालथं घालून समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर दोन्हीकडून मोजायचं. या मापाच्या चौकटीत ते सुमारे १९७ सेंटिमीटर भरतं. एकीकडे १९६ आणि दुसरीकडे १९८ आलं तर चौकट काटकोनात नाही. ज्या दोन कोपऱ्यांतलं अंतर जास्त, ते एकमेकांकडे हलकेच दाबायचे, पुन्हा मोजायचं, आणि मगच खिळे ठोकायचे. खिळे आधी लागले तर तिरकेपण तसंच कायम होतं.

शेवटचं चित्र कपाट भिंतीला बांधण्याचं. ते बहुधा सगळ्यात छोटं असतं, आणि पिशवीत भिंतीचा स्क्रू नसतो, कारण भिंत कसली हे कंपनीला ठाऊक नसतं. हे चित्र गाळलं जाऊ नये. अमेरिकेत २०१६ मध्ये ‘आयकिया’ने ड्रॉवरची लाखो कपाटं लहान मुलांवर कोसळण्याच्या धोक्यामुळे परत मागवली होती. आपल्याकडच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीसाठी ही पायरी अशी लिहावी लागेल: ‘कपाट ठरलेल्या जागी उभं करा. वरच्या फळीला लावलेल्या पट्टीचं भोक भिंतीवर पेन्सिलने आखा. कपाट बाजूला घ्या, खुणेवर हॅमर ड्रिलने भोक पाडा, त्यात स्क्रूच्या मापाची प्लास्टिकची गिट्टी ठोका. कपाट पुन्हा जागी आणा आणि पट्टीतून स्क्रू आवळा. वरची कड हाताने पुढे ओढून पाहा. कपाट भिंतीपासून सुटलं, तर पुस्तकं ठेवू नका.’