फॉन्टचं नाव ‘सरपंच’ का शोभतं? ठळक, कोनदार देवनागरी अक्षरांना नाव देताना

गुगल फॉन्ट्सवर ‘सरपंच’ नावाचा एक मोफत देवनागरी फॉन्ट आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. तो न बघता नुसतं नाव ऐका आणि सांगा, अक्षरं कशी असतील? गोल, गोंडस असतील असं कोणीच म्हणणार नाही. आता तो उघडून बघा. अक्षरं चौकोनी आहेत, आणि रेग्युलरपासून ब्लॅकपर्यंत जसजसं वजन वाढतं तसतसे उभे दंड रुंद होत जातात, आडव्या रेषा मात्र त्या मानाने बारीकच राहतात. चावडीसमोर छाती काढून उभा असलेला माणूसच जणू!

मी तिवस्याचा. आमच्याकडे निवडणुकीच्या फ्लेक्सवर हीच जात चालते: जाड, कोन काढलेली, रस्त्यापलीकडून वाचता येणारी अक्षरं. गावातला माझा एक मित्र फ्लेक्स डिझाइन करतो. त्याने हेडलाइनसाठी असा एक फॉन्ट काढायला घेतलाय आणि नावापाशी अडलाय. त्याच्यासोबत बसून नावं पारखली, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय.

पहिलं नाव त्याला सुचलं ते ‘जाड’. सरळ अर्थ, सरळ नाव. पण जाडी हा फॉन्टचा कायमचा गुण नसतो. आज तो फक्त ब्लॅक बनवतोय, उद्या त्याच घराण्यात लाइट आला तर मेन्यूमध्ये ‘जाड लाइट’ असं दिसणार. सरपंचचं तसं होत नाही, कारण ते नाव जाडीचं नाही, ऐटीचं आहे. म्हणून त्याचं सर्वात हलकं वजनसुद्धा त्या नावात बसतं. मुंबईच्या एक टाइपचा ‘मोदक’ फॉन्ट मात्र वेगळा. तो इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आतल्या पोकळीची नुसती चीर उरते, आणि तो एकाच वजनात मिळतो. तिथे लठ्ठपणाचं नाव बिनधास्त चालतं. तुमच्या फॉन्टमध्ये पुढे बदलणार नाही असं काय आहे, ते आधी बघायचं. मित्राच्या बाबतीत ते होतं कोन.

मग कोनदार, जड वस्तू शोधल्या. शेतातल्या अवजारांत त्या भरपूर मिळतात. तीन नावं उरली: पहार, कुऱ्हाड आणि सब्बल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फॉन्टचं नाव देवनागरीत सुचलं, तरी ते जगतं इंग्रजी अक्षरांत. फाइलच्या आत नावांची एक तक्ता-यादी असते. तिच्यात मराठी नावही भरता येतं, पण बरीच अ‍ॅप्स इंग्रजी नावच दाखवतात. शिवाय त्यात पोस्टस्क्रिप्ट नाव म्हणून एक रकाना असतो, त्यात तर इंग्रजीच चालतं, तेही मध्ये जागा न सोडता. म्हणून प्रत्येक नाव रोमनमध्ये लिहून, ज्याला माहीत नाही अशा माणसाकडून वाचून घ्यायचं. ‘Pahar’ लिहून दिलं तर एक जण पहाड वाचेल, दुसरा पहर, तिसरा पहार. गेलं कामातून. आम्हा तिवसेकरांना हे नवीन नाही म्हणा. आमचंच गाव सरकारी कागदावर कुठे Tiosa, कुठे Teosa, तर कुठे Tivsa असतं.

‘कुऱ्हाड’ मला मनापासून आवडलं होतं. धार आहे, शेवटी ड चा ठोका आहे, आणि त्यात ऱ्ह आहे! हिंदीला हे अक्षर लागत नाही, मराठीला लागतं. फॉन्ट बनवणाऱ्याने मराठीकडे लक्ष दिलंय की नाही, ते या एका जोडाक्षरावर कळतं. आमच्याच तालुक्यातलं कुऱ्हा गाव कित्येक बॅनरवर ‘कुर्हा’ असं, डोक्यावर रफार घेऊन छापलं जातं. तुम्हीही तपासून बघा: गुगल फॉन्ट्सवर कोणताही देवनागरी फॉन्ट उघडा आणि नमुन्याच्या चौकटीत ‘कुऱ्हाड’ टाइप करा. ऱ आणि ह नीट जुळले तर ठीक. ऱ वेगळ्याच वळणाचा, पातळ दिसला, तर समजा की या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही आणि फोनने दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणलंय. पण रोमनमध्ये हे नाव Kurhad, Kurhaad, Kurad असं तीन तऱ्हेने लिहिलं जाईल, आणि शोधणारा हमखास चुकीचं टाइप करेल. म्हणून हा शब्द नमुन्याच्या ओळीत ठेवला, नाव म्हणून नाही.

उरलं ‘सब्बल’. मातीत, दगडात घुसवायची जाड लोखंडी कांब. इंग्रजीत Sabbal, वाचायला फारसा घोळ नाही. उच्चारात दुहेरी ब आपटतो, त्यामुळे वजन कानालाच कळतं. आता तिसरी पारख, जी बरेच जण विसरतात: नाव त्याच फॉन्टमध्ये लिहिल्यावर काय दिसतं? फॉन्टच्या पोस्टरवर सर्वात मोठं तेच असणार ना. कोनदारपणा दिसतो तो एरवी गोल असणाऱ्या अक्षरांत. ‘गगन’ लिहिलंत तर उभे दंडच नजरेत भरतात. ‘टेको’ या दुसऱ्या चौकोनी फॉन्टचं नाव त्याच फॉन्टमध्ये लिहून बघा. ट ची वाटी आणि क चा पोटगोळा कसा चौकट झालाय, ते लगेच दिसतं. सब्बलमध्ये ब चं पोट आहे, आधी अर्धं आणि मग पूर्ण. म्हणजे जोडाक्षर करताना कोपरे टिकतात का, तेही कळतं. शेवटी ल च्या दोन वाट्या आहेत. आपल्या आणि हिंदीच्या ल चं वळण वेगळं असतं, त्यामुळे तिथेही डिझायनरला ठरवावंच लागतं. एक उणीव आहे. नावात वर जाणारी मात्रा नाही, म्हणून शिरोरेषेवर किती जागा सोडलीय ते यातून दिसत नाही.

मित्राची शंका वेगळीच. “सब्बल पुण्यात कोनाले समजन बे? ते तं पहार म्हनतात.” खरं आहे. पण ज्याला अर्थ माहीत नाही, त्याच्यापर्यंत आवाज आणि आकार तरी पोचतोच. पहारचं इंग्रजीत जे होतं, त्यापेक्षा मला हे परवडतं.

एवढं ठरल्यावर त्याच नावाचा दुसरा फॉन्ट आधीच आहे का, हे शोधायचं. फॉन्टच्या साइट्सवर तर शोधाच, शिवाय स्पेलिंग थोडं बदलूनही बघा, म्हणजे Sabal, Sabbel वगैरे. एकाच नावाचे दोन फॉन्ट एका कॉम्प्युटरवर आले, तर फाइल उघडताना भलताच लागू शकतो आणि छापून आल्यावर कळतं. कोणाचा खुला फॉन्ट घेऊन त्यात बदल केला असेल, तर लायसन्समध्ये मूळ नाव राखून ठेवलंय का ते वाचा. ठेवलं असेल तर ते नाव वापरता येत नाही.

मग फाइलमध्ये नावं अशी भरायची:

```
Family:     Sabbal
Style:      Black
Full name:  Sabbal Black
PostScript: Sabbal-Black
```

Family च्या ओळीत Bold किंवा Headline असले शब्द घुसवू नका. वजनाची जागा Style ची आहे. मित्राने तिथे आधी ‘Sabbal Headline Bold’ लिहिलं होतं, आणि मेन्यूत ते ‘Sabbal Headline Bold Black’ असं लांबलचक दिसत होतं. आता नुसतं Sabbal आहे. ल च्या वाट्या अजून त्याच्या मनासारख्या चौकोनी झाल्या नाहीत, त्यावर काम चालू आहे.