बाजूच्या फोटोत मान किती पुढे?

मान खाली घातली की तिच्या पायथ्याशी एक हाड ठळक हाताला लागतं. तो मानेचा सातवा मणका. त्यावर टिकली लावा. मोबाइल खांद्याच्या उंचीवर, स्टँडवर सरळ ठेवा. तिरका असेल तर मोजमापच चुकतं. ‘ताठ उभं राहा’ असं मात्र सांगू नका, माणूस लगेच छाती काढतो. दोनदा मान हलवून सहज समोर बघायला सांगा आणि बाजूने फोटो घ्या. आता टिकलीतून एक आडवी रेघ ओढा, दुसरी कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्यापर्यंत. दोन्हींमधला कोन साधारण 50 अंशांपेक्षा कमी, समजा 44, भरला तर मान पुढे आलेली धरतात. पण कोन म्हणजे आजार नव्हे. मान दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष तपासून घ्या.