न जुळविलेल्या सौद्याची दलाली

घर विकावयाचें ठरलें म्हणजे मालक प्रथम दोघांचौघांच्या कानीं ती गोष्ट घालतो, आणि त्या चौघांत एखादा दलाल असतोच. पुढें घर विकलें जातें. खरेदीखत नोंदलें जातें. मालक तो विषय विसरूनही जातो. अशा वेळीं दलालाचें पत्र येऊन थडकतें कीं, "आमची दलाली आठ दिवसांत पोंचती करावी, नाहीं तर कोर्टाची पायरी चढावी लागेल." सभ्य गृहस्थ कोर्टाच्या नांवानेंच अर्धा हरतो. तो एक तर पैसे देऊन मोकळा होतो, नाहीं तर पत्र केराच्या टोपलींत टाकतो. या दोहोंपैकीं एकही गोष्ट शहाणपणाची नव्हे.

गोंदिया जिल्ह्यांतील प्रतापगड येथील एका घरमालकाचें उदाहरण कल्पनेनें घेऊं. महाशिवरात्रीच्या यात्रेस दूरदूरचे लोक तेथें येतात, आणि अशा गर्दीच्या दिवसांत कोणी घराचीही चौकशी करतो. समजा, या मालकानें जानेवारींत एका दलालास सांगितलें कीं, तुम्हीं आणलेल्या गिऱ्हाइकास घर विकलें गेलें तर किमतीवर दोन टक्के देईन. कागद कांहीं झाला नाहीं. अपेक्षा अठरा लाखांची होती. दलालानें मार्चअखेरपर्यंत चार गृहस्थ आणले. त्यांतील एकानें पंधरा लाख देऊं केले व तेथेंच बोलणें संपलें. मे महिन्यांत शेजाऱ्याच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आले आणि घर सतरा लाखांस गेलें. जूनमध्यें दलालाची मागणी आली : चौतीस हजार रुपये.

दलालाचें म्हणणें अगदींच पोकळ नसतें. त्यानें पायपीट केलेली असते, लोकांना घर दाखविलेलें असतें, घर विकाऊ असल्याची वार्ता गावभर केलेली असते. परंतु दलाली ही पायपिटीची मजुरी नव्हे. ती फळाची किंमत आहे. मालक आणि दलाल यांच्या संबंधास १८७२ चा भारतीय करार कायदा लागू होतो, आणि त्याचें कलम २१९ असें सांगतें कीं, वेगळा करार नसेल तर अभिकर्त्यास म्हणजे दुसऱ्याच्या वतीनें काम करणारास त्या कामाचा मोबदला काम पुरें होईपर्यंत देय होत नाहीं. तेव्हां सारा प्रश्न दोन गोष्टींवर येऊन ठेपतो : सोंपविलेलें काम नेमकें कोणतें होतें, आणि तें त्या दलालाच्या हातून पुरें झालें काय?

पहिल्या गोष्टीचें महत्त्व विलायतेंतील एका प्रसिद्ध खटल्यावरून कळतें. कांहीं चित्रपटगृहांच्या विक्रीसाठीं एका दलालानें १,८५,००० पौंडांचें गिऱ्हाईक आणलें. दलाली ठरली होती १०,००० पौंड, पण ती विक्री पुरी झाल्यावर. मालकांनीं त्या गिऱ्हाइकाशीं व्यवहार पुरा केलाच नाहीं. गिऱ्हाईक तयार असतांही हाउस ऑफ लॉर्ड्सनें दलालाची मागणी फेटाळली. मोठ्या मोबदल्याच्या आशेनें दलाल श्रम वायां जाण्याचा धोका स्वतः पत्करतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

मात्र एवढ्यावर विसंबून मालकानें मिशांना पीळ देऊं नये. कलकत्त्यांतील एका घराच्या प्रकरणांत नेमकें उलट घडलें. तेथील मालकानें १९४३ साली दलालास लेखी दिलें होतें कीं, एक लाखाचें गिऱ्हाईक मिळवून दिल्यास एक हजार रुपये, व किंमत जास्त आल्यास वरच्या रकमेंतील ठराविक वांटा द्यावयाचा. दलालानें १,१०,००० रुपयांचें गिऱ्हाईक मिळविलें. मालकानें त्याचा अधिकार रद्द केला आणि त्याच गिऱ्हाइकांनीं पुढें केलेल्या माणसांच्या नांवें १,०५,००० रुपयांस घर विकलें. १९५० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दलालाच्या बाजूनें निकाल दिला. काम गिऱ्हाईक "मिळवून देण्याचें" होतें. तें झालें होतें. दलालाला बाजूला सारून त्याच्याच गिऱ्हाइकास घर देणारा मालक कायद्यापुढें टिकत नाहीं, आणि टिकूंही नये.

म्हणून प्रतापगडच्या मालकानें उत्तर लिहिण्यापूर्वीं स्वतःची उलटतपासणी घ्यावी. ते शिक्षक दलालानें आणलेल्या चौघांपैकीं कोणाचे भाऊ, जांवई किंवा भागीदार तर नाहींत? शेजाऱ्याला त्यांचें नांव मुळांत दलालानेंच तर सांगितलें नाहीं? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घाईंत एखाद्या छापील फॉर्मवर तर सही झाली नाहीं? "विक्री कोणामार्फतही झाली तरी दलाली देय" असें वाक्य त्यांत असलें तर तोच "वेगळा करार" ठरतो आणि कलम २१९ ची ढाल गळून पडते. या तिन्ही प्रश्नांचें उत्तर खरोखर नकारार्थी असेल तरच पुढील धर्तीचें पत्र जावें :

"आपलें १२ जूनचें पत्र पोंचलें. आपण आणलेल्या गिऱ्हाइकास घर विकलें गेल्यास दोन टक्के दलाली द्यावयाची, एवढेंच आपलें बोलणें झालें होतें. आपण जानेवारी ते मार्च या काळांत चार गृहस्थ आणले. त्यांपैकीं कोणाशींही सौदा ठरला नाहीं व कोणाकडूनही इसार घेतलेला नाहीं. घर ज्यांनीं घेतलें त्यांची ओळख मे महिन्यांत शेजाऱ्यांमार्फत झाली. त्यांना आपण घर दाखविलें असें आपलें म्हणणें असल्यास तारीख व त्या वेळीं हजर असलेल्यांचीं नांवें कळवावीं. आपली मागणी मान्य नाहीं."

यांत राग नाहीं, दलालाच्या धंद्यावर टीका नाहीं, आणि जें घडलें तें नाकारलेलेंही नाहीं. चार माणसें आणल्याचें कबूल केल्यानें मालकाचें कांहीं बिघडत नाहीं. उलट पुढें तेंच साक्षीदारांनीं शाबीत झालें तर त्याच्या इतर विधानांचें वजन राहतें. पत्र पोचपावतीसह पाठवावें, नक्कल जपून ठेवावी, आणि शेजाऱ्याशीं झालेले निरोप व खरेदीदाराचा पहिला संदेश फोनमधून पुसूं नये. मुळीं उत्तरच न देणें धोक्याचें, कारण गप्प राहिलेला मालक मनांतून मागणी मानतो असा तर्क कोर्टापुढें मांडला जातो.

सर्वांत घातक उत्तर मात्र भिडेचें असतें. "आपले पैसे राहिले आहेत खरे, दिवाळीनंतर पाहूं" असें सहीनिशीं लिहून दिलें कीं दलालाला आयती कबुली मिळते. शिवाय अशा दाव्यास साधारणपणें तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्यापूर्वीं सही करून देणें कबूल केलें तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणें त्या दिवसापासून मुदत नव्यानें मोजली जाते. दलालाच्या श्रमांबद्दल मालकाला खरोखर कांहीं द्यावेंसें वाटलें, आणि चार वेळां उन्हातान्हांत आलेल्या माणसाबद्दल तसें वाटणें गैर नाहीं, तर ती रक्कम दलाली म्हणून देऊं नये. "कोणतीही देणेदारी मान्य न करतां, स्वखुषीनें" असें लिहून, आणि यापुढें मागणी उरली नाहीं अशी पावती हातीं घेऊनच ती द्यावी.