भिंतीला तडा का जातो? समान खचण आणि विषम खचण

गावातील शाळेला नवी खोली जोडली जाते. उन्हाळ्यात काम पूर्ण होते, भिंतींना पांढरा रंग लागतो आणि जूनमध्ये वर्ग सुरू होतात. पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच खिडकीच्या कोपऱ्यापासून छपराकडे तिरपी चढत गेलेली एक भेग दिसू लागते. शिक्षक काळजीत पडतात, पालक मुलांना त्या खोलीत बसविण्यास तयार होत नाहीत आणि दोष मेस्त्रीच्या सिमेंटवर येतो. सिमेंट कमी पडले असेलही. परंतु अशा तिरप्या भेगेचे कारण बहुधा भिंतीत नसून भिंतीखालच्या जमिनीत असते. ते कारण नीट समजून घेतले, तर भेग कशी वाचावी आणि खोली धोक्याची आहे की नाही हे कसे ठरवावे, याचा उलगडा होतो.

कोणतीही इमारत उभी राहिली की तिच्या भाराने खालची माती थोडीफार दाबली जाते आणि इमारत खाली बसते. यालाच खचण म्हणतात. पूर्णपणे न खचणारी इमारत फक्त अखंड खडकावरच उभी राहू शकते. म्हणून प्रश्न इमारत खचली की नाही हा नसून, ती सगळीकडे सारखी खचली की कमीजास्त खचली, हा आहे.

एका शहरातील दोन इमारती

हा फरक मेक्सिकोच्या राजधानीत जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. हे शहर एका जुन्या सरोवराच्या तळावर, अतिशय मऊ चिकणमातीवर वसलेले आहे. तेथील ललितकलांच्या भव्य राजप्रासादाचे बांधकाम १९०४ साली सुरू झाले आणि १९३४ साली त्याचे उद्घाटन झाले. ही अवजड संगमरवरी वास्तू तेव्हापासून तीन मीटरांहून अधिक खाली गेली आहे. तरीही ती वापरात आहे, कारण तिचा बहुतेक भाग बऱ्याच अंशी बरोबरीने खाली गेला.

त्याच शहरातील मुख्य कॅथेड्रलची गोष्ट निराळी आहे. ते ज्या जागी उभे आहे, तेथे पूर्वी अॅझटेक लोकांची मंदिरे होती. त्यांच्या भाराने काही ठिकाणची माती आधीच घट्ट दाबली गेली होती, तर काही ठिकाणची मऊच राहिली होती. परिणामी कॅथेड्रलचा एक भाग दुसऱ्यापेक्षा दोन मीटरांहून अधिक खाली गेला, खांब कलले आणि कमानी व भिंती फाटल्या. अखेर १९९० नंतरच्या दशकात, जो भाग वर राहिला होता त्याच्या खालची माती मोजून मोजून काढण्यात आली आणि तो भाग खाली आणून फरक कमी करण्यात आला. इमारत वर उचलली नाही, तर उंच राहिलेला भाग मुद्दाम खचविला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भिंत का फाटते?

पाटावर पत्त्यांचे घर ठेवून पाट सावकाश खाली नेला, तर घर मोडत नाही, कारण त्यातील प्रत्येक पत्ता दुसऱ्याच्या मानाने आहे तिथेच राहतो. भिंतीचेही तसेच आहे. सर्व पाया ४० मिलिमीटर खाली गेला, तर भिंतीतील एकही चिरा शेजारच्या चिऱ्यापासून दूर जात नाही. अशा वेळी पायरी जमिनीशी जुळेनाशी होईल किंवा पाण्याचा नळ वाकेल, पण भिंत शाबूत राहील. एवढेच काय, सबंध इमारत एका बाजूला सरळ रेषेत कलली, तरी भिंतीचा आकार बदलत नाही. ती फक्त फिरते.

भिंतीला त्रास होतो तो तिचा आकार बिघडला म्हणजे. समजा, एका चौकोनी भिंतीची डावी कड जागच्या जागी राहिली आणि उजवी कड खाली गेली. चौकोन तिरपा होतो. त्याचा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण लांबतो, तर दुसरा आखूड होतो. चिरा, वीट आणि चुना हे दाब उत्तम सहन करतात; ताण मात्र त्यांना फारच थोडा सोसतो. म्हणून लांबणाऱ्या कर्णाशी काटकोन करून भिंत फाटते आणि आपल्याला तिरपी भेग दिसते.

अभियंते या बिघाडाचे माप सोप्या रीतीने घेतात. दोन ठिकाणांच्या खचणीतील फरकाला त्या दोन ठिकाणांमधील अंतराने भागतात. या गुणोत्तराला कोनीय विकृती म्हणतात. सर्व इमारत एकसंध कलली असेल, तर तो कल आधी वजा करावा लागतो.

स्केम्प्टन आणि मॅकडोनल्ड या अभियंत्यांनी १९५६ साली ९८ इमारतींच्या नोंदी तपासल्या. सांगाड्याच्या इमारतींत हे प्रमाण ३००स १ झाले की भिंतींना तडे जाऊ लागतात आणि १५०स १ झाले की खांब-तुळयांनाच इजा होते, असे त्यांना आढळले. आराखडा करताना ५००स १ ही मर्यादा धरावी, असे त्यांनी सुचविले. खांब नसलेल्या, छपराचा भार स्वतः वाहणाऱ्या भिंती याहून पुष्कळच नाजूक असतात. पायाविषयीच्या भारतीय मानक १९०४ च्या १९८६ सालच्या आवृत्तीत अशा भिंतींसाठी, त्यांच्या लांबी-उंचीच्या प्रमाणानुसार, ५००० स १ ते २५०० स १ एवढीच विकृती मान्य केली होती. त्याच आवृत्तीत वाळू किंवा कठीण चिकणमातीवरील अशा भिंतींना एकूण खचण मात्र ६० मिलिमीटरपर्यंत चालते, असे धरले होते. एकूण खचणीला सहा सेंटिमीटर आणि फरकाला एकदोन मिलिमीटर, एवढा हा भेद आहे.

एक हिशेब

गोव्यात डोंगरउताराची जागा सपाट करण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. वरच्या अंगाची माती खणून खालच्या अंगाला भर घालतात आणि तयार झालेल्या पट्टीवर बांधकाम करतात. अशा जागी ९ मीटर लांब आणि ३ मीटर उंच अशी चिऱ्यांची भिंत आहे असे समजा. तिची डावी साडेचार मीटर लांबी खणलेल्या कठीण जांभ्यावर आणि उजवी साडेचार मीटर भरावावर बसली आहे. भराव न धुमसता नुसता ओतलेला आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते, सैल माती भिजून बसते आणि भिंतीचे उजवे टोक २० मिलिमीटर खाली जाते. डावा अर्धा भाग हलत नाही.

४५०० मिलिमीटर अंतरात २० मिलिमीटर फरक, म्हणजे विकृती २२५स १ झाली. उजव्या अर्ध्या भागाचा कर्ण सुमारे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब आहे; तो या हालचालीने जवळजवळ ११ मिलिमीटर लांबू पाहतो. चिरेबंदी किंवा विटांची भिंत एक मीटरला साधारण पाऊण मिलिमीटर ताणली गेली की डोळ्यांना दिसेल अशी भेग पडते. म्हणजे या कर्णाला जेमतेम ४ मिलिमीटर सोसतात. उरलेली लांबी भेगेच्या रूपाने बाहेर पडते.

मग मानकाची मर्यादा याहून इतकी कडक का? एक तर खिडकी-दारांच्या कोपऱ्यांशी सारा ताण एकवटतो. दुसरे असे की आपल्या भिंतीचे टोक खाली वाकल्याने ती मध्यावर उलट्या नावेसारखी फुगते. तिची वरची कड ताणली जाते आणि तिथे तिला धरून ठेवणारे काहीच नसते. याउलट मध्यभाग खचला तर ताण खालच्या कडेला येतो आणि पाया त्या कडेला थोडाफार आवळून धरतो. टोक खचणे हे मध्य खचण्यापेक्षा अधिक वाईट, ते यामुळेच.

भेग कशी वाचावी?

तिरप्या भेगेवर काटकोनात एक रेघ कल्पावी आणि ती खाली जमिनीकडे न्यावी. ती ज्या बाजूला उतरते, त्या बाजूची जमीन खचली असण्याचा संभव मोठा. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर टोक खचले. खाली रुंद असेल तर मध्य खचला. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक रेषा सुकण्याने पडतात, तर स्लॅबच्या लगेच खालची आडवी भेग बहुधा उन्हाने स्लॅब वाढल्याने पडते. या दोन्हींचा पायाशी संबंध नसतो.

त्यानंतर भेग वाढते आहे की थांबली, हे पाहावे. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून त्यावर तारीख लिहावी. हालचाल झाल्यास काच तडकते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी. मेस्त्रीच्या पारदर्शक पाणनळीने जोत्याची पातळी चार कोपऱ्यांवर मोजून ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पुन्हा मोजावी. मात्र जोते मुळातच थोडे उंचसखल असू शकते. यास्तव एका वेळच्या मापावर विसंबू नये. दोन मापांतील बदल खरा. एक मिलिमीटरपर्यंतची भेग सहसा दिसण्यापुरतीच वाईट असते. ती पाच मिलिमीटरच्या पुढे गेली आणि दारे अडकू लागली की अभियंत्यास बोलवावे. पंधरा मिलिमीटरच्या पुढे गेल्यास, किंवा तुळई भिंतीवरून सरकू लागल्यास, खोली तात्काळ रिकामी करावी.

काय करावे, काय करू नये

हालचाल चालू असताना भेगेत सिमेंट भरणे व्यर्थ होय. भिंत शेजारी पुन्हा फाटते. आधी छपराचे पाणी पन्हाळी व गटार करून भरावापासून दूर न्यावे. दोन पावसाळे भेग स्थिर राहिली की मग ती भरावी. तरीही खचण चालूच राहिल्यास पाया खाली कठीण थरापर्यंत नेण्याचे काम अभियंत्याच्या देखरेखीखाली, एकेक मीटरचे टप्पे एकाआड एक घेऊन करावे लागते.

नवे बांधकाम करणाऱ्यांनी मात्र सुरुवातीलाच पाया पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवीत भरावातून खाली, मूळ जमिनीपर्यंत न्यावा. भरावावर केवळ जमिनीची फरशी बसवावी, भिंत नव्हे. जुन्या इमारतीला नवी खोली जोडताना तिची भिंत जुन्या भिंतीत दात पाडून गुंतवू नये. जुनी इमारत खचायची तेवढी खचून चुकलेली असते. नवी मात्र आता खचणार असते. म्हणून दोहोंमध्ये पायापासून छपरापर्यंत सरळ उभा सांधा ठेवावा आणि त्यावर पाणी न शिरेल असे झाकण घालावे. दोन्ही भाग मग आपापल्या परीने खाली बसतात आणि जिथे भेग पडायची, तिथे ती आपणच आधी नेटकी आखून ठेवलेली असते.